'एनजी' टेक आणि मिक्सिंगची आदली रात्र

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितेय. एडिटर रात्रभर काम करतेय, सकाळी फिल्म द्यायची आहे, आणि तिला कळतं की सगळ्यात चांगला टेक वापरलाच गेलेला नाही. हे खरंच घडू शकतं का? की एखादा एडिटर वाचेल आणि म्हणेल, असं कधी होत नाही? आणि सापडल्यावर ती नेमकं काय करेल?

उत्तर:

घडू शकतं, आणि मी घडताना पाहिलंही आहे. तुमची कथा अडेल ती दुसऱ्याच ठिकाणी. 'सगळ्यात चांगला टेक' कुठेतरी दडून बसलेला असतो आणि कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे राहून जातो, असं वाचकाला वाटलं तर ती हरवलं-सापडलंची गोष्ट होईल. एडिटवर बहुतेक वेळा प्रकार वेगळा असतो. शूटिंगच्या दिवशी तो टेक चांगला नसतोच. पुढच्या काही महिन्यांत फिल्म बदलत जाते आणि त्या बदललेल्या फिल्मसाठी तो चांगला ठरतो. म्हणून 'कुणाच्या नजरेतून सुटला' यापेक्षा 'आज तो चांगला का वाटतोय, आणि सकाळपर्यंत तो आत घेणं परवडेल का' हे दोन प्रश्न तुमच्या नायिकेला पडायला हवेत.

थोडं परिस्थितीवरही अवलंबून आहे. रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेच्या एडिटला न वापरलेले टेक परत बघायला सवड नसते, त्यामुळे तिथे हा प्रसंग ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. माहितीपटात 'टेक' ही गोष्टच सैल असते. पूर्ण लांबीची फिल्म किंवा तीस-चाळीस मिनिटांची फिल्म घेतलीत तर तो नीट बसेल. 'डेडलाइन' म्हणजे नेमकं काय तेही ठरवा. मी म्हणेन, एडिट लॉक झालेला आहे आणि सकाळी दहाला मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायचं काम, सुरू होणार आहे. लॉक झाला म्हणजे चित्राची लांबी पक्की झाली आणि त्या लांबीवर साउंड, संगीत, कलर, सबटायटल अशी सगळ्यांची कामं सुरू झाली. त्यामुळे एक टेक बदलायचा म्हटलं तरी तो एकटीचा निर्णय राहत नाही. ताण इथून येतो.

एक सीन कल्पून सगळं त्याच्यावरच दाखवतो. सीन 27. जुन्या वाड्याचं स्वयंपाकघर. आई ताटात तांदूळ निवडतेय, मुलगा समोर बसलाय. मुलगा म्हणतो, "सही केली मी." आई म्हणते, "बरं केलंस." एवढंच. शॉट 3 हा आईचा क्लोज. त्याचे सहा टेक झालेत. फिल्ममध्ये आहे टेक 4, ज्यात आईचे डोळे भरून येतात आणि "बरं केलंस" म्हणताना आवाज फुटतो.

आता टेक 6 कसा राहून गेला ते बघू. पाचव्या टेकनंतर आईची भूमिका करणारी बाई त्या मनःस्थितीत होती आणि क्लॅप मारून तिला त्यातून बाहेर काढायचं नव्हतं, म्हणून दिग्दर्शकाने कॅमेरा तसाच सुरू करायला सांगितला आणि क्लॅप शेवटी घेतला. शेवटी घेतलेला क्लॅप उलटा धरतात, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की हा एंड क्लॅप आहे. टेक सुरू होताच बाई जरा पुढे झुकल्या आणि फोकस पुलरला ते अपेक्षित नव्हतं, त्यामुळे पहिले काही क्षण चेहरा मऊ, म्हणजे धूसर राहिला. कंटिन्युइटी शीटवर नोंद झाली: 6 – एनजी – फोकस. एनजी म्हणजे 'नो गुड', नापास. आणि 4 वर ओके. इथपर्यंत सगळ्यांनी आपापलं काम बरोबरच केलंय.

रात्री एडिटवर असिस्टंट रशेस, म्हणजे त्या दिवशी शूट झालेलं सगळं, सिंक करायला बसतो. कॅमेरा चित्र रेकॉर्ड करतो, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असतो, आणि दोन्ही जुळवायचे ते क्लॅपवरून किंवा टाइमकोडवरून, म्हणजे दोन्हींवर नोंदल्या गेलेल्या वेळेवरून. त्या दिवशी टाइमकोड काही कारणाने जुळलेला नव्हता असं धरा, हे होत असतं. मग असिस्टंट प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला क्लॅप शोधतो, जुळवतो आणि क्लिपला नाव देतो: 27-3-1, 27-3-2, असं पाचपर्यंत. सहाव्या क्लिपच्या सुरुवातीला क्लॅप नाही. शीटवर एनजी आहे. वाट बघत असलेल्या शंभरेक क्लिप समोर आहेत. ती क्लिप कॅमेऱ्याने दिलेल्या `A012C007` या नावानेच, बिनआवाजाची, त्या दिवसाच्या बिनमध्ये, म्हणजे एडिटिंग प्रोजेक्टमधल्या फोल्डरमध्ये, खाली राहते. पुढे एडिटर सीन लावायला बसते तेव्हा ती नाव दिलेले टेक बघते. नाव नसलेल्या क्लिपमध्ये बहुधा क्लॅपच्या चाचण्या, चुकून सुरू राहिलेला कॅमेरा आणि रिकामी भिंत असते, हे तिला वर्षानुवर्षांच्या सवयीने माहीत असतं.

रिळावर काम चालायचं त्या काळात तर एनजी टेकची प्रिंटच काढत नसत, कारण पॉझिटिव्हला पैसे पडायचे. एडिटरच्या हातात फक्त ओके टेक यायचे. आता सगळं हार्ड डिस्कवर येतं, पण ओके-एनजीची चाळणी अजून तीच आहे, आणि घाईच्या वेळी माणूस चाळणीवर विश्वास ठेवतो.

मग त्या रात्री ती तिकडे जाते कशाला? इथे योगायोग घालू नका. मिक्सिंगच्या आदल्या रात्री एडिटरला जुन्या रशेसमध्ये परत पाठवणारं एक अगदी रोजचं कारण आहे. साउंडवाल्याचा फोन येतो: "सत्तावीसमधल्या 'बरं केलंस'च्या बरोबर खालून एक बाइक गेलीय, साफ करायला गेलो की आवाज पातळ होतोय. दुसऱ्या टेकमधली ओळ स्वच्छ मिळेल का?" संवादाचा आवाज एका टेकमधून आणि चित्र दुसऱ्या टेकमधून हे आम्ही कायम करतो. दोनच शब्द असतील आणि ओठांची हालचाल जवळपास असेल तर प्रेक्षकाला पत्ता लागत नाही.

म्हणून ती चित्र न उघडता थेट साउंडचं फोल्डर उघडते. आणि तिथे सहा फायली आहेत. बिनमध्ये टेक पाच. साउंड रेकॉर्डिस्टने शेवटच्या फाइलला नीट नाव दिलंय, 27-3, टेक 6, आणि नोंदीत लिहिलंय 'एंड क्लॅप'. ती हेडफोन लावून ऐकते. आधी तांदळाचे दाणे ताटावर सरकल्याचा आवाज, मग "सही केली मी" दुरून, कॅमेऱ्याबाहेरून. दाणे सरकतच राहतात. "बरं केलंस." त्यात रडू नाही, राग नाही, दुपारच्या चहाचं बोलावं तितका साधा स्वर. आणि मग दाण्यांचा आवाज थांबतो. एवढंच. थोड्या वेळाने परत सुरू होतो.

माझ्या मते तुमच्या कथेतला हा सगळ्यात मोलाचा क्षण आहे: तिला टेक आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. आता ती चित्र शोधणार. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करत असेल तर प्रोजेक्टच्या यादीत `Video Usage` नावाचा रकाना लावता येतो, कुठली क्लिप टाइमलाइनवर किती वेळा वापरलीय ते त्यात दिसतं. त्या दिवसाचं बिन उघडून, एकदाही न वापरलेल्या क्लिप लांबीप्रमाणे लावल्या की `A012C007` दोन मिनिटांत सापडेल. शेवटच्या उलट्या क्लॅपची लाकडं मिटतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखात उभा सुळका येतो ती जागा, या दोन्ही जुळवल्या की सिंक झालं. ती आता बघते: आईच्या बोटांची हालचाल बोलताना थांबत नाही, बोलून झाल्यावर थांबते. नजर ताटातच.

आता पहिला प्रश्न. हा टेक आज चांगला का वाटतोय? एक कारण फसवं असतं आणि तुमच्या नायिकेला ते माहीत असायला हवं. टेक 4 तिने शेकडो वेळा बघितलाय, तो तिच्यासाठी मेलाय. टेक 6 ती पहिल्यांदा बघतेय. पहाटे तीनला नवी गोष्ट जुन्या गोष्टीपेक्षा नेहमीच जिवंत वाटते. मी एडिटवर बसलेल्या पोरांना सांगतो की रात्री सापडलेला टेक नुसता परत परत चालवून बघू नका. टाइमलाइनची कॉपी करा, त्यात तो बसवा, तीन सीन मागे जा आणि न थांबता बघा. तो क्षण आला तेव्हा तुम्ही टेककडे बघत होता की आईकडे, याचं उत्तर स्वतःला द्या.

खरं कारण मात्र फिल्ममध्ये असायला हवं, आणि ते तुम्हाला कथेत अगोदर पेरावं लागेल. समजा पहिल्या कटमध्ये सीन 26 होता. त्यात आईला मुलाच्या बॅगेत विक्रीचे कागद दिसतात आणि ती एकटी रडते. त्यानंतर 27 मध्ये तिचे भरलेले डोळे स्वाभाविक होते, म्हणून टेक 4 ओके होता आणि टेक 6 कोरडा वाटला असता. पुढे फिल्म लांबली आणि सीन 26 काढला. आता आईला बातमी पहिल्यांदाच 27 मध्ये कळतेय. टेक 4 मधले डोळे मुलाचं वाक्य पूर्ण होण्याच्या आतच भरतात, कारण नटीच्या मनात 26 घडून गेलेला होता. प्रेक्षकाच्या मनात तो नाही. त्या जागी काहीतरी खोटं वाटतंय हे सगळ्यांना जाणवत होतं, संगीत वाढवून बघितलं, शॉट छोटा करून बघितला, पण कारण हाताला लागत नव्हतं. एखादा सीन काढल्यावर त्याच्या पुढच्या सीनचे सगळे टेक नव्याने बघायचे असतात, आणि लॉकच्या घाईत राहून जातं ते नेमकं हेच काम.

याचं प्रसिद्ध उदाहरण 1974 च्या 'द कॉन्व्हर्सेशन' या फिल्ममध्ये आहे. चोरून रेकॉर्ड केलेल्या एका संभाषणातलं 'संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल' या अर्थाचं वाक्य फिल्मभर पुन्हा पुन्हा ऐकू येतं. या फिल्मचं एडिटिंग आणि साउंड सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी नटांकडून ते संवाद वेगळे रेकॉर्ड करून घेतले होते, त्यात एकदा नटाचा जोर 'मारून टाकेल' ऐवजी 'आपल्याला' या शब्दावर पडला. अर्थच फिरला: धोका कुणाला, याचं उत्तर उलटं झालं. मर्चनी तेव्हा तो चुकीचा म्हणून बाजूला ठेवला. शेवटच्या मिक्सिंगच्या टप्प्यावर त्यांना तो आठवला आणि फिल्मच्या अखेरीस त्यांनी तोच वापरला. रेकॉर्ड झाला त्या दिवशी तो टेक चुकीचाच होता. फिल्म पूर्ण झाल्यावर तो बरोबर ठरला.

आता दुसरा प्रश्न, परवडेल का. इथे थोडे आकडे येतील, पण कथेतला घाम त्यातच आहे.

फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची. टेक 4 चा शॉट कटमध्ये 120 फ्रेमचा, म्हणजे पाच सेकंद. टेक 6 ची सुरुवात मऊ आहे, ती वापरता येत नाही, म्हणून एडिटर मुलाच्या क्लोजवर 12 फ्रेम जास्त थांबते. तेवढ्या वेळात आईचा फोकस येऊन बसतो. मुलगा बोलून झाल्यावर त्याच्यावर तेवढं रेंगाळणं चांगलंच दिसतं. पण हात थांबून परत सुरू होईपर्यंत राहायचं तर आईच्या शॉटलाही 19 फ्रेम जास्त लागतात. एकूण 31 फ्रेम, सव्वा सेकंदाहून किंचित जास्त. हे जसंच्या तसं ठेवलं तर त्या रिळात पुढचं सगळं 31 फ्रेमने सरकेल: संवाद, स्टुडिओत नंतर केलेले पावलांसारखे आवाज म्हणजे फोली, पार्श्वसंगीत, सबटायटल. साउंडवाल्याने महिनाभर लावलेले ट्रॅक चित्राच्या पुढे पळतील. सकाळी दहाच्या आत ते परत जुळवणं कुणी कबूल करणार नाही, आणि करूही नये.

म्हणून ती 31 फ्रेम त्याच सीनमधून परत मिळवते. सीनच्या शेवटी रिकाम्या चौकाचा 96 फ्रेमचा शॉट आहे. तो 65 फ्रेमवर आणला की सीन पूर्वी जिथे संपत होता तिथेच संपतो आणि पुढच्या एकाही गोष्टीला हात लागत नाही. मला यातली आवडणारी गोष्ट अशी की ही नुसती काटकसर नाही. तो रिकामा चौक इतका लांब होता कारण टेक 4 मधलं रडणं ओसरायला जागा हवी होती. टेक 6 मध्ये ती शांतता थांबलेल्या हातातच येऊन गेली, त्यामुळे चौक छोटा झालेला खटकत नाही. बदल बरोबर असला की तो आपली जागा बहुधा स्वतःच करून घेतो.

अडचणी तरी उरतातच. संगीत चौकाच्या पहिल्या फ्रेमवर सुरू होत होतं. आता चौक 31 फ्रेम उशिरा येतो, म्हणजे संगीत आईच्या थांबलेल्या हातावरच सुरू होईल आणि सगळं नासवेल. सुरुवात नुसत्या लांब सुराची असेल तर मिक्सिंगमध्येच ती उशिरा उचलता येते. ठेका किंवा चाल असेल तर संगीतकाराला फोन करावा लागेल. कलर झालेला असेल तर टेक 6 मूळ फायलीतून काढून नव्याने कलर करावा लागेल, आणि मुलाच्या क्लोजच्या वाढलेल्या 12 फ्रेम कलरिस्टने दिलेल्या शॉटमध्ये जादा म्हणून आहेत का तेही बघावं लागेल. हे काम मात्र मिक्सिंग सुरू असताना समांतर होऊ शकतं, कारण मिक्सिंगला रंगाशिवायचं चित्र चालतं.

सगळ्यात कठीण अडचण कलेची आहे, आणि कथेत वळण हवं असेल तर हीच घ्या. समजा त्या दोन ओळींनंतर मुलाची आणखी एक ओळ आहे: "आई, रडू नकोस ना." टेक 6 मध्ये आई रडतच नाही. ही ओळ त्याच्या क्लोजवर बोललेली असेल तर टेक 6 परत बिनमध्ये जाईल, कितीही चांगला असला तरी. पण ती आईच्या सजेशन शॉटमध्ये, म्हणजे मुलाच्या पाठीमागून घेतलेल्या शॉटमध्ये असेल, तर त्याचं तोंड दिसत नाही. ओळ काढून टाकता येते, फक्त त्या जागी त्याच स्वयंपाकघराचा रूम टोन, म्हणजे तिथल्या शांततेचा आवाज, भरावा लागतो, नाहीतर आवाजात खड्डा पडतो. ओळ गेल्यावर मुलगा नुसता बसून राहतो. त्याची मान मात्र बोलताना हलली असेल, ती बघायला विसरू नका. ती हलली असेल तर शॉट त्याच्या आधीच कापावा लागेल आणि 31 चा हिशेब परत मांडावा लागेल.

उरला दिग्दर्शक. तुमची नायिका हा बदल गुपचूप करून सकाळी फिल्म देणार असेल तर ती चांगली एडिटर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लॉक दिग्दर्शकाने केलाय, तो उघडायचा अधिकारही त्याचाच. ती दोन टाइमलाइन तयार ठेवते, जुनी जशीच्या तशी आणि नवी वेगळ्या नावाने, आणि साडेसहाच्या सुमाराला फोन करते. तिने टेकची तारीफ करू नये. "सर, सत्तावीसमध्ये एक बदल करून बघितलाय. लांबी तीच आहे. आठच्या आत येऊन बघाल का? नाही पटलं तर जुनं तयार आहे." 'लांबी तीच आहे' हे ऐकल्यावर दिग्दर्शकाचा श्वास खाली बसतो, ते आधी सांगायचं. आला की काय बदललंय ते न सांगता सीन 24 पासून दाखवायचं.

आणि तो नाही म्हणू शकतो. शूटिंगच्या दिवशी टेक 4 नंतर सेटवर सगळे गप्प झाले होते, त्याला ते आठवत असतं. एडिटरला ते आठवत नसतं, ती तिथे नव्हती. तिची ताकद यातच आहे आणि मर्यादाही. मी पाहिलंय की काही दिग्दर्शक अशा वेळी पटकन हो म्हणतात आणि काही सेटवरच्या आठवणीला धरून राहतात, आणि दोन्ही प्रकारे चांगल्या फिल्म झाल्यात. तुम्ही कुठला शेवट घ्याल ते तुमच्या दिग्दर्शकाच्या स्वभावावर ठरवा.

हो म्हणाला तर मिक्सिंगच्या आधी तिच्याकडे तासभर असतो. त्यात ती साउंडवाल्याला टेक 6 चा मूळ आवाज पाठवते, दोन्ही टोकांना थोडा जादा ठेवून, आणि सोबत एवढंच लिहिते: सीन 27, मुलाच्या क्लोजपासून चौकापर्यंत बदल, सीनचा शेवट होता तिथेच, पुढे काही हललेलं नाही, मुलाची 'रडू नकोस' ओळ काढली आहे, संगीत 31 फ्रेम उशिरा. बाइकचा प्रश्न त्याच टेकने सुटलाय, हे तो ऐकल्यावर त्याला आपोआप कळेल.